फोटोचं कार्टून करून बॅनर छापला की चेहऱ्यावर चट्टे आणि अंगभर पांढरे दोरे काहून येतात

दारव्ह्याकडच्या एका गावातलं पोट्टं गुंडाळलेला फ्लेक्स खांद्यावर घेऊन दुकानात आलं आणि टेबलावर उलगडून म्हणालं, "भाऊ, हे पांढरे दोरे काहून आले? अन् बाबाजीची टोपी कुठी गेली?"

फ्लेक्स मीच बनवलेला होता. आजोबांच्या पंच्याहत्तरीचा, 10 बाय 6 फुटांचा. घरातल्या सात जणांचा अंगणातला फोटो होता आणि त्याचं सपाट रंगांचं कार्टून करून हवं होतं. आजकाल लग्न, वास्तू, पंच्याहत्तरी, सगळ्यांनाच फोटोऐवजी असं कार्टून हवं असतं. मी ते ट्रेसिंगने केलं, म्हणजे फोटोतल्या रंगांचे तुकडे प्रोग्रामकडूनच आपोआप कापून घेतले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मला ते बरं दिसलं, म्हणून पाठवून दिलं. छापून आल्यावर पाहिलं तर आजोबांच्या गालावर तपकिरी चट्टे, सुनांच्या कपाळावर अर्धवट काळे डाग, आणि जिथे जिथे दोन रंग भेटतात तिथे तिथे पांढरा दोरा. लुगड्याच्या काठाला तर कुणी पांढरी टीप मारल्यासारखं दिसत होतं. 60 चौरस फूट फ्लेक्स वाया गेला आणि कार्यक्रम तीन दिवसांवर आलेला.

हा घोळ माझ्या एकट्याचा नाही. आमच्या भागात फ्लेक्सचं डिझाइन करणाऱ्या प्रत्येकाकडे हा एकदा तरी होतो, आणि बहुतेकदा पुन्हा पुन्हा होतो, कारण चट्टे आणि दोरे ही दोन वेगळी दुखणी आहेत हे लक्षात येत नाही. दोन्हीचा दोष सगळे फ्लेक्स छापणाऱ्यावर टाकतात. त्याच्या मशीनचा यात काही संबंध नसतो. फाइलमध्ये जे आहे तेच त्याने छापलेलं असतं.

आधी चट्ट्यांचं बघू

आलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरचा होता, 1280 बाय 960 पिक्सेलचा. त्यात सात माणसं उभी-बसलेली. मी झूम करून मोजलं तर एकेक चेहरा जेमतेम 80 पिक्सेल रुंद निघाला. माणसाचा डोळा त्याच्या चेहऱ्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा असतो, म्हणजे डोळा झाला 16 पिक्सेल रुंद आणि पाच-सहा पिक्सेल उंच. आता जेपीजी फाइल चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन करून साठवते, आणि रंगाची माहिती तर बहुतेक वेळा त्याहूनही अर्ध्या बारकाईने ठेवते. म्हणजे आजोबांचा अख्खा डोळा दोन चौकोनांत बसलेला. त्यातून बुबुळ कोणतं, पापणी कोणती आणि चष्म्याची काडी कोणती हे ट्रेसिंगला कुठून कळणार?

कोरलमधलं PowerTRACE असो की इंकस्केपमधलं Trace Bitmap, त्याला नाक-डोळे समजत नाहीत. ते एवढंच बघतं की इथला रंग तिथल्या रंगापेक्षा पुरेसा वेगळा आहे का. वेगळा असला की तिथे रेघ ओढून तुकडा कापतं. फोटो अंगणात कडुनिंबाखाली अकराच्या उन्हात काढलेला होता. पानांतून झिरपलेलं ऊन चेहऱ्यावर पडलं होतं. फोटो बघताना आपलं डोकं ते ऊन आपोआप वगळतं आणि आपल्याला फक्त आजोबा दिसतात. ट्रेसिंगने मात्र उन्हाचा कवडसा हा एक तुकडा केला, सावली हा दुसरा केला, आणि दोन्हीला सपाट रंग भरला. गालावरचे चट्टे म्हणजे कडुनिंबाची पानं होती.

टोपीचंही तेच. पांढरी टोपी, मागे चुन्याने पोतलेली भिंत. दोन्हीचा रंग जवळपास सारखा, म्हणून ट्रेसिंगने दोन्ही एकाच तुकड्यात घातले. टोपी भिंतीत विरघळली आणि आजोबांचं कपाळ वरून कापल्यासारखं झालं.

तुमचं दुखणं हेच आहे का, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. कोरलमध्ये ट्रेस करताना बाजूला कर्व्ह किती, नोड म्हणजे रेघेला वळण देणारे बिंदू किती, रंग किती असे आकडे येतात. माझ्या त्या फाइलमध्ये नोड तेवीस हजारांच्या पुढे होते. सात माणसांचं सपाट कार्टून हाताने काढलं तर हजार-दीड हजार नोडांत मजेत बसतं. आकडा दहा हजारांच्या वर असला तर तुमच्याकडे कार्टून नाही, फोटोचा चुरा आहे. मग Smoothing वाढवा, Detail कमी करा, काही केलं तरी चट्टे जात नाहीत. त्यांच्या कडा तेवढ्या गोल होतात, आणि गोल चट्टे माझ्या मते आणखी वाईट दिसतात.

पांढरे दोरे दोन जातीचे

दोऱ्यांचं प्रकरण जरा किचकट आहे आणि इथेच बहुतेकांची गाडी फसते.

पहिली जात खऱ्या फटीची. ट्रेसिंग करताना दोन शेजारी तुकडे वेगवेगळे गुळगुळीत केले जातात. साडीच्या तुकड्याची कड आपल्या हिशोबाने वळते, हाताच्या तुकड्याची आपल्या हिशोबाने. दोन्ही अगदी एकसारख्या वळत नाहीत, म्हणून मध्ये बारीक फट राहते आणि फटीतून कोरा फ्लेक्स दिसतो. मी काम ए4 पानावर केलं होतं. 297 मिलिमीटरचं पान 10 फुटांवर, म्हणजे 3048 मिलिमीटरवर नेलं की सगळं दहापटीहून थोडं जास्त वाढतं. पानावरची 0.2 मिलिमीटरची फट, जी मला दिसलीसुद्धा नव्हती, बॅनरवर 2 मिलिमीटरची झाली. गडद लाल लुगड्यावर 2 मिलिमीटरची पांढरी रेघ रस्त्यापलीकडूनही दिसते.

दुसरी जात भासाच्या फटीची. इथे दोन तुकडे एकमेकांना अगदी तंतोतंत चिकटून असतात, फट नसते, तरी पडद्यावर फिकट रेघ दिसते. कारण कड नेमकी पिक्सेलच्या मधून जाते. समजा पिक्सेल अर्धा साडीखाली आहे आणि अर्धा हाताखाली. प्रोग्राम आधी साडी रंगवतो. अर्धाच पिक्सेल व्यापला म्हणून तो अर्धा साडीचा रंग आणि अर्धा खालचा पांढरा मिसळतो. मग वरून हात रंगवतो, त्याचाही अर्धा हिस्सा. उरलेल्या अर्ध्यात आधीचं मिश्रण राहतं, त्यातलं अर्धं पांढरं. म्हणजे शेवटी त्या पिक्सेलमध्ये चौथा हिस्सा पांढरा उरतोच. पिक्सेल पूर्ण झाकलेला असूनही.

"हे फक्त पडद्यावर दिसतं, छापताना येत नाही" असं पुष्कळ जण सांगतात. निम्मं खरं आहे. पीडीएफ मूळ वेक्टर स्वरूपात, म्हणजे पिक्सेल न होता रेघा-आकार म्हणूनच गेली तर बहुधा येत नाही. पण आपल्याकडे फ्लेक्सवाले सर्रास जेपीजी मागतात. जेपीजी काढताना प्रोग्राम हीच मिसळामिसळ करतो आणि भासाची रेघ फाइलमध्ये पक्की बसते. त्यात कुणी इंकस्केपमधून ए4 पान नेहमीच्या 96 डीपीआयवर, म्हणजे इंचाला 96 पिक्सेल धरून काढलं तर चित्र 1123 पिक्सेल रुंद येतं. तेच 10 फुटांवर ताणलं की एकेक पिक्सेल 2.7 मिलिमीटरचा होतो, आणि भासाची रेघसुद्धा तेवढी जाड.

कोणती जात आहे हे ओळखायला सगळ्यांच्या मागे एक भडक जांभळा चौकोन टाका. दोरे लगेच जांभळे दिसू लागतील, मोजायला सोपे. आता एका दोऱ्यावर झूम करत जा. झूम वाढेल तसा दोरा जाड होत गेला तर फट खरी आहे. कितीही आत गेलात तरी दोरा केसाएवढाच राहिला तर तो भास आहे. कोरलमध्ये View > Wireframe केलं तरी कळतं: खऱ्या फटीत दोन रेघा समांतर दिसतात, भासात एकच.

जांभळा चौकोन छापायला पाठवण्याआधी काढायचा. मी एकदा विसरलो आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

इलाज एकच: कवेलू चढवतात तसे तुकडे चढवायचे

गावाकडच्या घरावर कवेलू बसवताना कुणी ते कडेला कड लावून ठेवत नाही. वरचा खालच्यावर चढवलेला असतो, म्हणून पाणी गळत नाही. चित्राचे तुकडेही तसेच ठेवायचे. चेहरा टोपीच्या खालपर्यंत गेलेला असतो, मान सदऱ्याच्या आत उतरलेली असते, हात साडीच्या वर आख्खा पडलेला असतो. मग फट पडायला जागाच नाही. भासाची रेघही जाते, कारण कडेच्या पिक्सेलमध्ये खालून पांढरा येत नाही, साडीचाच रंग येतो.

ट्रेस करायचंच असेल तर प्रोग्रामला हे सांगता येतं. इंकस्केपमध्ये Path > Trace Bitmap उघडून Multicolor या भागात Stack वर खूण ठेवायची. ती काढली की तुकडे फरशीसारखे शेजारी-शेजारी बसतात आणि फटी पडतात. कोरलच्या PowerTRACE मध्ये Remove object overlap वरची खूण काढून टाकायची. इलस्ट्रेटरच्या Image Trace मध्ये Method पुढे Abutting ऐवजी Overlapping निवडायचं. एवढ्या एका खुणेने दोरे बरेच कमी होतील. चट्टे मात्र जसेच्या तसे राहतील, म्हणून चेहऱ्याला माझं उत्तर हाताने काढणं हेच आहे. झाड, घराची कौलं, बैलगाडीची आकृती, लांबून दिसणारी गर्दी, असल्या गोष्टींना ट्रेस चालतो. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याला चालत नाही.

हाताने काढायचं म्हटलं की पोरं घाबरतात, की आपल्याला चित्रकला येत नाही. फोटोवर रेघ ओढायला चित्रकला लागत नाही, वेळ लागतो. मला एका चेहऱ्याला पाऊण तास लागतो.

आजोबांचा चेहरा, सुरुवातीपासून

पहिलं काम म्हणजे फोटो पुन्हा मागवला. त्या पोट्ट्याला सांगितलं, "गॅलरीतून पाठवू नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव." तसा आला तेव्हा तोच फोटो 4000 बाय 3000 निघाला आणि चेहरा 80 ऐवजी 250 पिक्सेलचा. ऊन-सावली तशीच होती, पण आता डोळा डोळा म्हणून दिसत होता. मूळ फोटो फोनमध्ये नसेल तर मी सरळ सांगतो की सकाळी आठच्या आत, ओसरीच्या सावलीत, एकेकाचा वेगळा फोटो काढून पाठवा. कार्टूनमध्ये त्यांना एकत्र उभं करणं माझं काम.

पान मी बॅनरच्या दहाव्या हिश्शाचं घेतलं, 12 इंच बाय 7.2 इंच. हिशोब सोपा होतो: पानावरचा 1 मिलिमीटर म्हणजे बॅनरवरचा 1 सेंटिमीटर. फोटो वेगळ्या लेयरवर ठेवून अर्धा फिका केला आणि लेयरला कुलूप लावलं.

मग मागून पुढे यायचं. आधी भिंत. ती पांढरी ठेवली नाही, अगदी फिकट निळसर केली, कारण टोपी, धोतर, सदरा, सगळं पांढरं होतं आणि पांढऱ्याला पांढऱ्यापासून वेगळं काढायला कुणीतरी रंग सोडावाच लागतो. भिंतीने सोडला. धोतराच्या चुण्यांना फिकट राखाडीच्या तीन पट्ट्या दिल्या, तेवढ्या पुरल्या. नंतर मागची रांग, दोन मुलगे आणि दोन सुना. शेवटी पुढे खुर्चीवर बसलेले आजोबा, आजी आणि आजीच्या मांडीवरचा नातू.

आजोबांची मान आधी काढली, खालून चांगली दीड मिलिमीटर सदऱ्याच्या आत जाईल एवढी. तिच्यावर सदरा. मग चेहऱ्याचा एकच तुकडा: हनुवटीपासून गालावरून वर, आणि टोपी जिथे संपते तिथे न थांबता थेट टोपीच्या मध्यापर्यंत. एवढ्या आकाराला मी आठ-नऊ नोड वापरतो. गालाच्या वळणावर एक, जबड्याच्या कोपऱ्यावर एक, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना एकेक. नोड जास्त झाले की कड थरथरते आणि 10 फुटांवर ती थरथर दिसते. कान वेगळे, चेहऱ्याच्या मागे सरकवलेले.

आता सावली. फोटोतली सावली पूर्ण विसरायची. मी ठरवलं की उजेड डावीकडून येतो, आणि सातही जणांना तोच. चेहऱ्याच्या उजव्या बाजूला कानाजवळून हनुवटीपर्यंत एक चंद्रकोरीसारखा तुकडा, हनुवटीखाली मानेवर दुसरा, टोपीच्या काठाखाली कपाळावर तिसरा. बस. हा गडद रंग घट्टच भरायचा. काळा रंग घेऊन त्याला 30 टक्के पारदर्शक करायचा मोह होतो, पण फ्लेक्सच्या मशीनवर पारदर्शक वस्तूंचे कधीकधी चौकोनी ठोकळे होऊन येतात, आणि ते तुम्हाला छापल्यावरच कळतं.

डोळ्यांपाशी थांबून विचार करावा लागतो. हा गट बॅनरवर साधारण 7 फूट रुंदीत बसवला होता, त्यामुळे आजोबांचा चेहरा 17 सेंटिमीटरचा झाला, खऱ्या माणसाहून थोडासाच मोठा. बॅनर मंडपाच्या दारावर लागणार होता, लोक 25 फुटांवरून बघणार. चांगल्या डोळ्याला तेवढ्या अंतरावरून साधारण 2 मिलिमीटरपेक्षा बारीक गोष्ट वेगळी दिसत नाही. म्हणून मी भुवई 8 मिलिमीटर, वरची पापणी 6 मिलिमीटर आणि नाकाची रेघ 4 मिलिमीटर धरली. पानावर त्या 0.8, 0.6 आणि 0.4 झाल्या. खालची पापणी काढलीच नाही. डोळ्याचा पांढरा भाग, त्यावर काळं बुबुळ, वर जाड पापणी. कार्टूनमध्ये खालची पापणी काढली की म्हातारं माणूस आजारी दिसतं.

सुरकुत्यांचंही तसंच आहे. आजोबांच्या चेहऱ्यावर तीस तरी असतील. मी दोन घेतल्या, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या. तिसरी घातली की माणूस रागावलेला वाटू लागतो. ओळख पटते ती सुरकुत्यांनी नाही, बाहेरच्या आकाराने पटते: टोपी किती खाली ओढलेली, मिशी ओठांच्या किती बाहेर जाते, कान किती उघडे. चष्म्याची फ्रेम अगदी फोटोवर ठेवून काढायची, तिचा आकार अंदाजाने काढला की माणूस बदलतो. काचेवरची चमक मी काढत नाही. तिच्याने डोळे झाकतात.

आजोबांचा चेहरा, मिशी, चष्मा, टोपी धरून 22 तुकड्यांत झाला. सगळं चित्र 300 च्या आत.

रंग: चेहरा हिरवट किंवा भाजका येऊ नये म्हणून

फ्लेक्स सीएमवायके, म्हणजे निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने छापला जातो, पडद्यावरची तकाकी त्यात येत नाही. त्वचेचा रंग पडद्यावर बघून निवडला तर हमखास फसतो, म्हणून आकडे लिहूनच भरतो. माझा साधा नियम असा: पिवळा किरमिजीपेक्षा थोडा जास्त, आणि निळा किरमिजीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नाही. निळा वाढला की चेहरा मातकट-हिरवट येतो. किरमिजी पिवळ्याच्या पुढे गेला की माणूस भाजल्यासारखा लाल दिसतो.

शेतात रापलेल्या आजोबांना सी 15, एम 48, वाय 62, के 8 दिला आणि सावलीला सी 20, एम 60, वाय 72, के 15. नातवाला सी 3, एम 28, वाय 38, के 0. बाकी पाच जण या दोघांच्या मध्ये कुठेतरी, पण सात माणसांना सात रंग नाही दिले, तीनच दिले. सपाट चित्रात जवळजवळ सारखे रंग शेजारी आले की छपाईत चूक झाल्यासारखी वाटते.

"थोडं गोरं करून द्या न भाऊ" हे मला प्रत्येक वेळी ऐकावं लागतं. देत नाही असं नाही, पण दोन पावलांच्या वर गेलं की चेहरा आणि हात जुळत नाहीत, आणि मग शेजारचेच विचारतात की हे कोण.

इंकस्केपवाल्यांसाठी एक गोष्ट: तो प्रोग्राम मुळात आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतो. फाइल तशीच दिली तर रंगाचं रूपांतर फ्लेक्सवाल्याच्या मशीनवर होईल आणि ते तुमच्या हातात राहणार नाही. मी शेवटचा हात कोरलमध्ये फिरवतो, तिथे आकडे भरतो.

मोठं करताना होणारी गंमत

चित्र झालं, आता दहापट करायचं. इथे एक जुनी खोडी आहे. रेघ ही आउटलाइन म्हणून काढली असेल तर चित्र वाढवताना तिची जाडी वाढेल की नाही, हे एका खुणेवर अवलंबून असतं. कोरलमध्ये F12 दाबून जी खिडकी येते तिच्यात Scale with object वर खूण नसली तर चेहरा दहापट होतो आणि भुवई 0.8 मिलिमीटरचीच राहते. बॅनरवर आजोबा भुवयांशिवाय. इंकस्केपमध्ये हीच गोष्ट Edit > Preferences मध्ये Behavior खाली Transforms च्या पानावर Scale stroke width या नावाने आहे.

खुणांवर भरवसा ठेवण्यापेक्षा मी सगळ्या आउटलाइनींचे भरीव आकार करून टाकतो. कोरलमध्ये Ctrl+Shift+Q, इंकस्केपमध्ये Ctrl+Alt+C. त्याआधी एक प्रत वेगळी ठेवायची, कारण नंतर रेघेची जाडी बदलता येत नाही. मजकूर श्रीलिपीत असेल तर त्यालाही Ctrl+Q करून कर्व्ह करायचं, नाहीतर छापणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला की "अमृतमहोत्सव"च्या जागी ठिपके-कोष्टकं येतात.

फ्लेक्सवाल्याने जेपीजीच मागितली तर पान खऱ्या मापाचं करून, 120 इंच बाय 72 इंच, 72 डीपीआयवर काढायची. 8640 बाय 5184 पिक्सेल येतात, एक पिक्सेल 0.35 मिलिमीटरचा पडतो, जो 25 फुटांवरून काय, 4 फुटांवरूनही त्रास देत नाही. कुणी 300 डीपीआय मागितलं तर त्याला हिशोब दाखवा: 36000 बाय 21600 पिक्सेल, सीएमवायकेमध्ये उघडायला 3 जीबीच्या वर मेमरी. सपाट रंगांच्या चित्राला त्याचा काही उपयोग नाही. ए4 ची जेपीजी काढून ती मोठी मात्र कधीही करू नका. एवढी मेहनत करून वेक्टर बनवायचं आणि शेवटच्या पायरीला पुन्हा 1123 पिक्सेल करून टाकायचे, हे मी स्वतः केलेलं आहे.

कडेला चारही बाजूंनी 3 इंच मोकळे ठेवले, तिथे आयलेट ठोकतात. त्या पट्टीत कुणाचा कोपर किंवा तारखेचा आकडा आला की त्यात भोक पडतं.

यावेळी अख्खा बॅनर एकदम छापायला टाकला नाही. आजोबांचा चेहरा आणि आजीच्या लुगड्याचा काठ येईल असा 1 बाय 1 फुटाचा तुकडा कापून, खऱ्या मापात, दुसऱ्या कुणाच्या फ्लेक्सच्या उरलेल्या पट्टीवर छापून घेतला. छापणारा ओळखीचा असला तर त्याचे पैसेही घेत नाही. तुकडा दुकानासमोरच्या खांबाला बांधला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्यावरून पाहिला. दोरे गेले होते. कपाळावरची टोपीची सावली फार काळी वाटली, म्हणून तिचा के 15 चा 10 केला. मिशी मात्र तिथून पांढरा ठिपका दिसत होती, तिला खालून एक गडद पट्टी दिली तेव्हा उठली.

बॅनर न्यायला त्या घरची धाकटी सून आली होती. तिने उलगडून पाहिला, मग जवळ जाऊन पाहिला. "मामाजीची टोपी वाकडी काहून काढली?" मी तिला फोनवरचा मूळ फोटो दाखवला. टोपी तिथेही तेवढीच वाकडी होती, उजव्या कानावर झुकलेली. ती हसली आणि म्हणाली, "हो न बाप्पा, असेच घालतात ते."